एक्सेलच्या COUNTIF ने 23 शेतकऱ्यांचं ऊस बिल अडकवलं, माझा अनुभव

मी साखर कारखान्याच्या अकाउंटला आहे. पंधरवड्याचं ऊस बिल बँकेत पाठवायच्या आधी यादीत एकच खातं दोन नावांपुढे आलंय का हे बघायचं माझं काम. यादी 412 जणांची, बरेच खाते नंबर 16 अंकी, C कॉलम टेक्स्ट केलेला. शेजारच्या कॉलमला नेहमीचा फॉर्म्युला टाकला:

```
=COUNTIF($C$2:$C$413,C2)
```

सगळीकडे 1 यायला हवा, तर 23 ओळींपुढे 2, 3, चार ओळींपुढे तर 4. आणि सगळे एकाच गावचे! साहेब म्हणाले हे काहीतरी गडबडीचं दिसतंय, यांचं बिल थांबवा आणि पासबुकं मागवा. मी फोन लावत बसले. दुसऱ्या दिवशी एक आबा एसटीने आले, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि म्हणाले, "ताई, माझं खातं माझंच हाय, भावाचं येगळं हाय." त्यांच्या धाकट्या भावाचं पासबुकही सोबत होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून अंक अंक बोट ठेवत वाचले. पंधरा अंक तेच, शेवटचा वेगळा, एकाचा 1 आणि दुसऱ्याचा 8. शीटमध्येही अगदी बरोबर तसंच लिहिलेलं. म्हणजे माणसं खरी, यादी खरी, आणि चूक सांगत होता तो फॉर्म्युला. आबांना उगाच हेलपाटा पडला याचा राग मला अजून आहे.

मग मी त्या दोन ओळींवर साधी तुलना करून बघितली:

```
=C57=C58
```

उत्तर FALSE. म्हणजे एक्सेलला फरक दिसतोय, पण COUNTIF ला नाही. कारण असं की COUNTIF ला शोधायला दिलेली गोष्ट नंबरासारखी दिसली की तो ती नंबर समजूनच मोजतो, तुम्ही सेल टेक्स्ट केलेला असला तरी. आणि एक्सेलचा नंबर 15 अंकांपर्यंतच अचूक, पुढचे अंक शून्य धरले जातात. त्यामुळे 1234567890123451 आणि 1234567890123458 (खरे नंबर देत नाही) हे त्याच्या दृष्टीने दोन्ही 1234567890123450. आता एकाच गावचे का, तेही कळलं, या लोकांची खाती गावात कॅम्प लावून एकाच दिवशी ओळीने उघडलेली, म्हणून नंबर एकामागोमाग एक.

उपाय म्हणून आधी एकाने सांगितलं की C2 च्या जागी C2&"*" लिही. स्टार आला की COUNTIF ला टेक्स्ट म्हणूनच बघावं लागतं, आणि ते चाललं. पण स्टारचा अर्थ "असं सुरू होणारं काहीही", त्यामुळे दुसऱ्या बँकेचा छोटा नंबर आपल्या 16 अंकी नंबराच्या सुरुवातीशी जुळला तर परत खोटी जोडी दिसणार. आमच्याकडे तीन बँकांची खाती, वेगवेगळ्या लांबीची, म्हणून मी हा घेतला:

```
=SUMPRODUCT(--($C$2:$C$413=C2))
```

हा अक्षराला अक्षर जुळवतो. 23 च्या 23 ओळींपुढे 1 आला. त्याच दुपारी बिल गेलं, आणि मी स्वतः आबांना फोन करून सांगितलं.

हो, एक राहिलंच, हे सगळं करण्याआधी नंबर शाबूत आहेत का ते बघा. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो आणि Convert to Number असं सुचवलं जातं, त्याला अजिबात हात लावू नका, सोळावा अंक शून्य होऊन जातो आणि नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी परत येत नाही. बँकेची CSV डबल क्लिक करून उघडली तरी तेच होतं, ती Data मधून From Text/CSV ने घ्यायची आणि खात्याचा कॉलम आधीच टेक्स्ट करायचा. =ISTEXT(C2) ला FALSE आला तर तो नंबर मूळ फाइलमधून परत घ्या, हाताने दुरुस्त करत बसू नका.

आणि COUNTIF पेक्षा मला जास्त धास्ती SUMIF ची वाटली. सोसायटीच्या कर्जाची कपात आम्ही खाते नंबरावरून SUMIF ने काढतो, आणि तोही असाच जुळवतो, म्हणजे आबांच्या बिलातून त्यांची आणि भावाची अशी दोघांची कपात झाली असती आणि कुठेही लाल काही दिसलं नसतं. COUNTIF ने निदान 4 दाखवून आरडाओरडा तरी केला. आता कपातीच्या शीटमध्ये मी खाते नंबर काढून शेतकऱ्याचा सभासद कोड लावलाय, तो सहाच अंकी आहे.