वर्स्ट केसचा रकाना: रोलिंग हॅश सोडून फेल्युअर टेबलपर्यंत, माझा अनुभव

आमच्याकडे कुठलाही कोड मुख्य शाखेत जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात बाकी सगळं पटापट भरून होतं, पण एक रकाना असा आहे: 'इनपुट कुणीही मुद्दाम रचलं, तर जास्तीत जास्त किती वेळ लागेल?' माझं मजकूर-शोधाचं फंक्शन याच रकान्यावरून पुन्हा पुन्हा परत येत राहिलं. त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण तो रकाना बरोबर होता हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

काम साधं होतं. `n` अक्षरांच्या मजकुरात `m` अक्षरांचा पॅटर्न जिथे जिथे येतो, त्या सगळ्या जागा मोजायच्या, एकमेकांवर चढणाऱ्या जागाही धरून. मजकूर दहा लाख अक्षरांपर्यंत. पॅटर्न वापरकर्ता देणार, म्हणजे तो कसाही असू शकतो. आधीपासूनचा कोड रोलिंग हॅशचा होता, म्हणजे रॅबिन आणि कार्प यांनी १९८७ साली मांडलेली पद्धत. पॅटर्नचा एक हॅश काढायचा, मजकुरावर `m` लांबीची विंडो सरकवत तिचा हॅश जुळवत जायचं. सरकवताना बाहेर पडणारं अक्षर वजा होतं, नवं अक्षर मिळवलं जातं, त्यामुळे प्रत्येक पावलाला ठराविकच काम, पुस्तकी रूपात असं:

```
h = ((h - s[i]*pw) * B + s[i+m]) % p
```

इथे `B` म्हणजे बेस, `p` म्हणजे मॉड्युलोसाठी घेतलेला प्राईम, आणि `pw` म्हणजे `B^(m-1) % p`. (सी किंवा सी++ मध्ये कंसातली वजाबाकी ऋण होऊ शकते. `s[i]*pw` चा आधी `% p` घ्या, तो वजा केल्यावर `p` मिळवून घ्या, नाहीतर हॅश गुपचूप चुकतो आणि असलेल्या जागा सुटतात.)

हॅश जुळला की विंडो अक्षर-अक्षर तपासायची, म्हणजे खोटी जुळणी मोजली जात नाही. पुस्तकी उत्तर म्हणून रकान्यात 'सरासरी `n + m`' असं भरलं. फॉर्म परत आला: सरासरी नको.

मग 'चांगला मोठा प्राईम घेतल्यास कोलिजन नगण्य' असं लिहिलं. पुन्हा परत. या वेळी सोबत एक इनपुट जोडलेलं होतं: मजकूर म्हणजे दहा लाख वेळा `a`, पॅटर्न म्हणजे पाच लाख वेळा `a`. बस्स.

हे इनपुट नीट बघण्यासारखं आहे, कारण वर्स्ट केस म्हटलं की सगळे कोलिजनच्या मागे लागतात आणि इथे एकही कोलिजन नाही. प्रत्येक विंडो खरोखरच पॅटर्नशी जुळते. हॅश जुळतो तो खराच जुळतो, आणि म्हणून प्रत्येक विंडोची पाच लाख अक्षरं शेवटपर्यंत तपासावी लागतात. विंडो किती? ५,००,००१. गुणाकार सुमारे २५ हजार कोटी तुलना. सेकंदाला शंभर कोटी तुलना धरल्या तरी चार मिनिटांहून जास्त. प्राईम बदला, दुहेरी हॅश लावा, बेस दर वेळी यादृच्छिक निवडा, या आकड्यात एका तुलनेचाही फरक पडत नाही. हॅश कितीही उत्तम असला तरी एकसारख्या दोन विंडो त्याला वेगळ्या दाखवता येणारच नाहीत.

फक्त पहिलीच जागा हवी असेल तर हे इनपुट निरुपद्रवी आहे, पहिल्या जुळणीला काम संपतं. त्यामुळे कुणी 'आमच्याकडे कधी अडकलं नाही' म्हणालं, तर ते पहिली जागा शोधतात की सगळ्या, हे आधी विचारा.

यावर सगळ्यांना सुचतो तोच उपाय मलाही सुचला: तपासणीच काढून टाकायची. हॅश जुळला की जुळणी झाली असं मानायचं. आता वेळ कायम `n + m`, इनपुट काहीही असो. रकाना भरला, आणि फॉर्म पुन्हा परत आला. या वेळी शेरा होता, 'वेळ ठीक, उत्तराचं काय?' चिडलो होतो, पण प्रश्न बिनतोड होता. वाईट प्रसंग कुठे नाहीसा झाला नव्हता. तो वेळेच्या बाजूने उठून उत्तराच्या बाजूला जाऊन बसला होता.

आणि तिथे तो किती सहज घडवता येतो, हे आमच्याच जुन्या कोडवर दिसलं. त्यात प्राईम नव्हताच. ६४ बिटांचा आकडा ओव्हरफ्लो होऊ दिला होता, म्हणजे मॉड्युलो `2^64`. वेगवान पडतं म्हणून अनेक जण असंच करतात. आता `a` घ्या, आणि प्रत्येक वेळी आहे त्या ओळीपुढे तिचीच उलट प्रत जोडा, जिथे `a` तिथे `b` आणि `b` तिथे `a`. `ab`, `abba`, `abbabaab`, असं दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ अक्षरांची ओळ होते. हिला थ्यू–मोर्स ओळ म्हणतात. ही ओळ आणि तिची संपूर्ण उलट प्रत एकाही जागी सारख्या नाहीत, तरी `2^64` मध्ये दोघींचा हॅश एकच येतो, बेस कुठलाही विषम आकडा घ्या.

कारण कागदावर पाचेक ओळींत पटतं. दोन हॅशमधला फरक, चिन्ह सोडलं तर, असा गुणाकार होतो:

```
(B-1)(B^2-1)(B^4-1) ... (B^512-1)
```

`B` विषम असेल तर पहिला कंस निदान २ ने भागला जातो, दुसरा ८ ने, तिसरा १६ ने, आणि पुढचा प्रत्येक कंस आधीच्याच्या दुप्पट आकड्याने. दोनचे घात मिळवले, १ + ३ + ४ + ५ असे ११ पर्यंत, की बेरीज बरोबर ६४ येते. म्हणजे फरक `2^64` ने पूर्ण भागला जातो, म्हणजेच शून्य. सम बेस घेऊन सुटका होत नाही, उलट तिथे विंडोच्या शेवटच्या ६४ अक्षरांपलीकडचं काहीच हॅशमध्ये उरत नाही. हे इनपुट रचायला बेस माहीत असण्याचीही गरज नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

मॉड्युलो प्राईम आणि यादृच्छिक बेस घेतला तर परिस्थिती खूप सुधारते, पण आकडा मांडून बघायला हवा. `m` लांबीच्या दोन वेगळ्या ओळी एकाच हॅशवर येण्याची शक्यता फार तर `(m-1)/p`. आमच्या मापात विंडो पाच लाख आणि `m` पाच लाख, म्हणजे एकूण मर्यादा २५ हजार कोटी भागिले `p`. `p` शंभर कोटींच्या आसपास असेल (बहुतेक कोडमध्ये `10^9+7` असतोच) तर उत्तर २५० येतं. शक्यतेची मर्यादा २५०, म्हणजे कसलीच हमी नाही. `2^61-1` घेतला तर ती साधारण कोटीत एक होते. मात्र गुणाकाराला १२८ बिट लागतात, आणि इनपुट ठरल्यानंतरच बेस निवडला गेला पाहिजे. कोडमध्ये लिहून ठेवलेला बेस यादृच्छिक नसतो. हे सगळं प्रामाणिकपणे रकान्यात लिहिता आलं असतं, पण 'कोटीत एकदा चुकेल' असं लिहायला माझा हात धजेना.

तेव्हा फेल्युअर टेबलकडे आलो. क्नुथ, मॉरिस आणि प्रॅट यांचा १९७७ चा अल्गोरिदम. पॅटर्नच्या प्रत्येक सुरुवातीच्या तुकड्यासाठी एक आकडा ठेवायचा: तुकड्याचा (पूर्ण तुकडा सोडून) सर्वांत लांब असा आरंभ, जो त्याच्या शेवटीही येतो. `aabaaab` साठी टेबल असं:

```
a a b a a a b
0 1 0 1 2 2 3
```

सहाव्या अक्षराशी थोडं थांबा. आधीचा आकडा २, म्हणजे आता तिसरं अक्षर `b` हवं, पण आलंय `a`. म्हणून दोन लांबीच्या तुकड्याच्या आकड्यावर मागे यायचं, तो १. आता दुसरं अक्षर हवं, ते `a`, जुळलं, म्हणून पुन्हा २. शोधतानाही हेच चालतं:

```
k = 0
for c in text:
    while k > 0 and (k == m or pat[k] != c):
        k = f[k-1]
    if pat[k] == c: k += 1
    if k == m: count += 1
```

फॉर्म शेवटचा अडला तो या `while` वर. लूपमध्ये लूप दिसला की तपासणाऱ्याला `n × m` दिसतं, आणि एका अक्षराला खरंच `m` वेळा मागे यावं लागू शकतं: पॅटर्न `aaaa...` आणि मजकुरात बऱ्याच `a` नंतर अचानक `b`. मी रकान्यात फक्त एवढं लिहिलं: `k` एका अक्षरामागे फार तर एकने वाढतो, `while` ची प्रत्येक फेरी त्याला निदान एकने खाली आणते आणि तो शून्याखाली जात नाही. म्हणून संपूर्ण शोधात मागे येण्याच्या फेऱ्या फार तर `n`. टेबल बनवतानाही हाच हिशोब, `n` च्या जागी `m`. दहा लाख `a` च्या त्याच इनपुटवर सगळं मिळून फार तर तीसेक लाख पावलं. आधीचे २५ हजार कोटी शेजारी लिहून दिले आणि फॉर्म मंजूर झाला. तो हिशोब मांडताना जो आनंद झाला तो अजून ताजा आहे.

एका अक्षरावरचा तो लांब थांबाही चालणार नसेल, उदाहरणार्थ येणाऱ्या प्रवाहात प्रत्येक अक्षराला वेळ बांधलेला असेल, तर टेबल थोडं कडक करता येतं. जिथे मागे येऊन पुन्हा तेच न जुळलेलं अक्षर समोर येणार, ती पायरी टेबलमध्येच गाळायची. मग पाच लाखांच्या पॅटर्नलाही एका अक्षरामागे तीसच्या आतच पायऱ्या लागतात. प्रवाहासाठी आणखी एक सोय: फेल्युअर टेबल मजकुरात कधीच मागे जात नाही, तर रोलिंग हॅशला बाहेर पडणारं अक्षर वजा करायला शेवटची `m` अक्षरं जपून ठेवावी लागतात. टेबलची स्वतःची जागा मात्र मोजा, पाच लाख आकडे चार बाइटचे धरले तर दोन एमबी.

रोलिंग हॅश मी एका ठिकाणी अजून ठेवला आहे: एकाच लांबीचे हजारो पॅटर्न एकदम शोधायचे असतात तिथे. सगळ्यांचे हॅश एका सेटमध्ये, आणि मजकुरावरून एकच फेरी. तिथे `p` `2^61-1` आहे, बेस प्रत्येक वेळी नव्याने निवडला जातो, तपासणी चालू आहे आणि पॅटर्नच्या लांबीला २०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यामुळे सगळ्या जुळण्या खऱ्या निघाल्या तरी एका विंडोमागे २०० तुलनांच्या वर सहसा जात नाही, आणि रकान्यात २०० हाच आकडा लिहिला आहे, सोबत कोलिजनची शक्यता वेगळ्या ओळीत.