यवतेश्वरचा घाट, पाचवा महिना आणि साडेतीनशे कॅलरी

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आहारतज्ज्ञ आहे आणि माझी धाकटी बहीण साताऱ्यात असते. इथे गरोदर बायकांना आरोग्यसेवेकडून सांगितलं जातं की पहिले सहा महिने जादा काही खायची गरज नाही, शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २०० कॅलरी वाढवा. भारतातली शिफारस सुमारे ३५० ची आहे. बहिणीच्या सासूबाईंचं म्हणणं आणखी वेगळं, "आता दोन जिवांचं खायचं." पण ती लग्नाआधीपासून पळते, यवतेश्वरच्या रस्त्यावर घाम गाळते. तिच्यासाठी यातला कुठलाच आकडा जसाच्या तसा धरून चालत नाही.

पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. "ताई, चार आठवड्यांत जेमतेम अर्धा किलो वाढलंय." गरोदरपणाआधी तिचं वजन ५४ किलो, उंची १६० सेंटिमीटर. अशा बाईचं वजन चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण चारशे ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे चार आठवड्यांत दीड किलोच्या वर. त्यात घाटात तिला चक्कर यायला लागली होती. चक्कर आली की पळणं तिथल्या तिथे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे मी पहिल्यांदा सांगितलं. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं यालाही हाच नियम. तपासणीत बाळाची वाढ ठीक निघाली. डॉक्टरांनी सपाटीवर, बोलत बोलत जमेल इतपत पळायला हरकत नाही म्हटलं. मग आम्ही तिचं खाणं तपासायला घेतलं.

सपाटीवर पळताना माणूस दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च करतो. पाच किलोमीटरला तिचे पावणेतीनशे, चढावर त्याहून जास्त. गरोदरपणाआधी ती हा खर्च खाण्यातून भरून काढत होती. मग मळमळीत सकाळचा नाश्ता सुटला, तो सुटलेलाच राहिला, आणि पळणं मात्र उपाशीपोटी चालू. गरोदरपणात रक्तातली साखर लांबच्या व्यायामात लवकर उतरते. वजन अडलं त्यामागे हा नाश्ता होता, आणि चक्करही बहुधा त्यामुळेच.

म्हणून निघण्याआधी अर्धा तास केळं आणि दोन खजूर. परतल्यावर सुटलेला नाश्ता पुन्हा चालू, अंडी किंवा उसळ असलेला, कारण प्रथिनांची गरजही आता वाढत जाते. हे झालं नेहमीचं खाणं. गरोदरपणाचे साडेतीनशे त्याच्या वर: एक ज्वारीची भाकरी साधारण दीडशे, पेलाभर म्हशीचं दूध दोनशे. दोन जिवांचं ताट वगैरे काही नाही, इतकंच.

दूध मात्र उकळलेलं. इथली मनाईची यादी मऊ चीज, पाते नावाचं मांसाचं वाटण आणि धुरावलेल्या माशांची असते. साताऱ्यात ती कोणाच्या कामाची! भीती तीच, लिस्टेरिया नावाच्या जंतूची, जो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भापर्यंत पोहोचतो. पण आपल्याकडे तो धारोष्ण दुधातून, आणि फ्रिजमधलं शिळं तसंच खाल्लं तर त्यातून येऊ शकतो. कच्च्या मोडांची कोशिंबीरही बंद, तीच मटकी शिजवून खुशाल खा. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला नाही, त्या दूध उकळतातच.

गोळ्यांचा घोळ वेगळा होता. सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ती दोन्ही एकदम घ्यायची, सकाळच्या चहाबरोबर. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह शोषू देत नाहीत. आता कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह दुपारी चारला लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर दोन तासांनी. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, पण ११ च्या खाली गेलं तर डॉक्टरांना विचारायचं.

व्यायामाआधी घ्यायची जिममधली पावडर मी बंद करायला लावली. कॅफिनची मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम, आणि काही पावडरींच्या एका मापातच ती संपते. प्रोटीनचा डबा वापरायचाच असेल तर लेबल आधी डॉक्टरांना दाखवायचं. जादा रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, बाळाला अपायकारक असतं, आणि अश्वगंधासारख्या वनस्पती तर नकोतच.

वजन ती आता दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर बघते. दोन आठवड्यांत पाऊण किलोच्या आसपास वाढलं नाही तर आधी ताटात भर, तरीही अडलं तर पळण्याचे किलोमीटर कमी आणि डॉक्टरांची पुढची भेट लवकर. यवतेश्वरचा घाट बाळंतपण होईपर्यंत चालतच चढायचा, तोही कुणाला तरी बरोबर घेऊन.