बिलातल्या शेवटच्या चार ओळी

तासगावात आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे द्राक्षबागायतदार, प्लंबर आणि दोन-चार बांधकाम ठेकेदार. जुलै 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत कार्बन घातलेलं बिलबुक पुरत होतं. मग एचएसएन, सीजीएसटी, एसजीएसटी असं सगळं मांडायची वेळ आली, आणि वहिनींनी एक्सेलमध्ये विक्री लिहायला घेतली. एका वस्तूला एक ओळ. सीएला महिनाअखेरीस द्यायला ती शीट झकास होती, पण गिऱ्हाइकाच्या हातात ती कशी द्यायची? म्हणून तेच बिल पुन्हा हातानं लिहायचं. वर्षभरानं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेच आकडे मी दोनदा का लिहायचे?"

तेव्हा त्याच फाइलमध्ये बिलाच्या छपाईसाठी दुसरी शीट केली. वर दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, मध्ये वस्तूंच्या 15 ओळी, खाली बेरजा. G3 मध्ये बिल नंबर टाकला की त्या बिलाच्या वस्तू आपोआप यायला हव्या होत्या. नव्या एक्सेलात FILTER हे एकच सूत्र पुरतं. आमच्या 2010 च्या एक्सेलात ते नव्हतं. मग विक्रीच्या शीटला, म्हणजे `Sales` ला, पुढे एक जादा रकाना जोडला. बिल नंबर B मध्ये आहे, तर A2 मध्ये:

```
=B2&"-"&COUNTIF(B$2:B2,B2)
```

हे सूत्र खाली ओढलं की 101 नंबरच्या बिलातली तिसरी वस्तू 101-3 होते. बिलाच्या पहिल्या ओळीत मग ही ओळख शोधायची:

```
=IFERROR(INDEX(Sales!D:D,
 MATCH($G$3&"-"&ROW(A1),Sales!$A:$A,0)),"")
```

खाली ओढत नेलं की ROW(A1) चं ROW(A2), ROW(A3) होत जातं, आणि वस्तू संपल्या की जागा कोरी राहते. नग, दर, सूट, रक्कम यांना हेच सूत्र, फक्त D च्या जागी त्यांचा त्यांचा रकाना, अनुक्रमे F, G, H, I.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका साइटचं 19 वस्तूंचं बिल निघालं. छापली गेली 15. उरलेल्या चार कुठेच दिसल्या नाहीत, आणि बेरीज छापलेल्या ओळींचीच असल्यामुळे बिल अगदी बरोबर वाटत होतं. माल चारही वस्तूंचा गेला होता. महिनाअखेरीस विक्रीची शीट आणि बिलांच्या प्रती जुळेनात, तेव्हा कळलं. फरक ठेकेदारानं दिला, पण कपाळाला आठ्या घालून.

आता ओळी 40 केल्या आहेत, कोऱ्या ओळी फिल्टर लावून लपवतो. बिल बदललं की फिल्टर पुन्हा लागू करावा लागतो, नाहीतर वस्तू लपलेली राहते आणि बेरजेत मात्र येते. छापील भागाच्या बाहेर एक तपासणीचा चौकोनही ठेवलाय:

```
=ROUND(SUMIF(Sales!B:B,G3,Sales!I:I)-SUM(H8:H47),2)
```

शून्याशिवाय काही दिसलं तर तो लाल होतो. तो लाल असताना छपाई करायची नाही, हा दुकानातला नियम.

दुसरी भानगड एका पैशाची. साडेबारा टक्के सूट दिलेल्या तीन वस्तू होत्या: 7 पाइप 186.35 दरानं, 13 एल्बो 23.45 नं, 3 बॉल व्हॉल्व्ह 247.15 नं. बिलावर 1141.39, 266.74 आणि 648.77 दिसत होते. यांची बेरीज 2056.90, पण एक्सेल दाखवी 2056.91. दोन दशांश नुसते दाखवायला सांगितले, तरी आत 1141.39375 तसंच असतं आणि बेरीज त्याचीच होते. गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटनं बिल परत पाठवलं. आम्हाला ते अति वाटलं, पण चूक आमचीच होती. `Sales` मध्ये रक्कम आता अशी निघते:

```
=ROUND(F2*G2*(1-H2),2)
```

2056.90 वर 9 टक्क्यांनी 185.12 सीजीएसटी, तेवढाच एसजीएसटी, एकूण 2427.14. राउंड ऑफच्या वेगळ्या ओळीत 14 पैसे वजा करून बिल 2427 चं.

सुरुवातीला दर दरपत्रकाच्या शीटमधून शोधून यायचा. कंपनीनं भाव वाढवले, आम्ही दरपत्रक बदललं, आणि जुनं बिल पुन्हा छापलं तर तेही नव्या भावानं आलं. तेव्हापासून वहिनी संध्याकाळी त्या दिवसाचे दर सूत्र काढून नुसते आकडे म्हणून चिकटवतात, आणि प्रत्येक बिलाची पीडीएफ ठेवतात.

कार्बनचं बिलबुक अजून गल्ल्याखाली आहे. लाइट गेली की तेच बाहेर निघतं. त्याची नंबरमालिका वेगळी, H-1 पासून, आणि लाइट आली की ती बिलं त्याच नंबरानं शीटमध्ये चढतात.