फॉरवर्ड केलेला मेल सिक्युरिटी टीमला पुरला नाही

25 मार्च 2025, मंगळवार. मार्चएंडची घाई सुरू होती. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी खरेदीची बिलं बघते. आम्हाला पितळी सळ्या पुरवणाऱ्या एका पुरवठादाराचा मेल सकाळी पावणेअकराच्या सुमारास आला. त्यात लिहिलं होतं की खात्याचं सुधारित स्टेटमेंट सोबत आहे, ते बघून बाकीची रक्कम सोडा. मेलखाली आमचाच तीन दिवसांपूर्वीचा पत्रव्यवहार जसाच्या तसा होता, त्यात मी स्वतः लिहिलेली दोन वाक्यंही. त्यामुळे शंका घ्यायचं मला काही कारणच दिसलं नाही.

स्टेटमेंटच्या लिंकवर क्लिक केलं तर ऑफिसच्या मेलचं लॉगिन पान उघडलं. माझा मेल आयडी आधीच भरलेला होता. मी पासवर्ड टाकला. लगेच फोनवर ऑथेंटिकेटरने विचारलं की लॉगिनला परवानगी द्यायची का, आणि पडद्यावरचा दोन अंकी आकडा टाकायला सांगितलं. तेवढ्यात नजर ब्राउझरच्या पत्त्यावर गेली. तो पत्ता आमच्या मेलसेवेचा नव्हता. मी फोनवर नकार दिला आणि पान बंद केलं. मग मेल पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला. metals असायला हवं होतं तिथे rnetals होतं. r आणि n शेजारीशेजारी आले की बारीक अक्षरात तो सरळ m च दिसतो.

10:55 ला मी तो मेल आमच्या आयटी सिक्युरिटीच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं, "हा मेल संशयास्पद वाटतो, कृपया बघा." माझ्या मते काम झालं होतं.

पाचच मिनिटांत अलकापुरीच्या ऑफिसातून सिक्युरिटी टीममधल्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, कळवलंत ते फार बरं केलंत, पण फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मला फक्त तुम्ही दिसता. मूळ मेल अटॅचमेंट म्हणून पाठवा. आणि इनबॉक्समधला डिलीट करू नका."

फॉरवर्ड केला की तो आपल्या नावाचा नवा मेल बनतो, हे तेव्हा मला कळलं. मूळ मेलच्या डोक्यावर जी लांबलचक तांत्रिक नोंद असते, म्हणजे हेडर, ती त्यात जात नाही. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कितीला निघाला, उत्तर कुणाला जाईल, हे सगळं त्या हेडरमध्येच असतं. स्क्रीनशॉटमध्ये तर त्यातलं काहीच येत नाही. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये मेल निवडून Ctrl+Alt+F दाबलं की तो अटॅचमेंट बनून जातो. जीमेल असेल तर मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत Forward as attachment किंवा Download message मिळतं. मी अटॅचमेंट पाठवली. त्याने हेडर उघडून त्यातल्या या ओळी मला वाचून दाखवल्या. इथे पत्ते बदलून दिले आहेत.

```
From: "Accounts" <accounts@namuna-rnetals.example>
Reply-To: <bills@namuna-mail.example>
Date: Tue, 25 Mar 2025 05:12:09 +0000
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

वेळ 05:12 बघून मी गोंधळले, कारण मेल तर 10:42 ला आला होता. शेवटचं +0000 म्हणजे ग्रीनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. Reply-To मध्ये तिसराच पत्ता होता. मी "मिळालं, बघते" एवढं उत्तर दिलं असतं तरी ते तिथे गेलं असतं.

शेवटच्या ओळीबद्दल मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. तिन्ही ठिकाणी pass, मग मेल खोटा कसा? तो म्हणाला, "ही तपासणी एवढंच सांगते की मेल खरोखर त्या डोमेनवरून आला. डोमेनच त्यांनी स्वतः विकत घेतलंय, मग पास होणारच." या कारणामुळेच तो मेल स्पॅममध्ये न जाता थेट इनबॉक्समध्ये आला होता. पास दिसलं म्हणून मेलवर विश्वास ठेवायचा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मग त्याने विचारलं, "लिंक उघडली होती का?"

इथे मी क्षणभर थांबले. पहिल्या मेलमध्ये मी पासवर्डचा उल्लेख टाळला होता, लाज वाटली म्हणून. आता सांगितलं की साधारण 10:47 ला पासवर्ड टाकला आणि फोनवरच्या मागणीला नकार दिला. तो एक शब्दही रागावला नाही. त्याने लॉगिनची नोंद काढली. 10:47 ला एका अनोळखी ठिकाणाहून बरोबर पासवर्डने प्रयत्न झाला होता आणि दुसऱ्या पायरीवर अडला होता. मी गप्प राहिले असते तर त्याने माझं खातं इतक्या लगेच तपासलंच नसतं. त्याने माझा पासवर्ड बदलायला लावला आणि सगळीकडची लॉगिन तोडली. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण आत शिरलेल्याचं चालू सेशन जिवंत राहू शकतं. मग माझ्या मेलबॉक्समध्ये कुणी परस्पर मेल वळवण्याचा नियम लावलाय का, तेही पाहिलं. नव्हता.

शेवटी मी अशी नोंद लिहून दिली:

"25 मार्च, 10:42 ला मेल आला, मूळ मेल जोडला आहे. 10:45 च्या सुमारास ऑफिसच्या लॅपटॉपवर लिंक उघडली. 10:47 ला पासवर्ड टाकला, ऑथेंटिकेटरला नकार दिला. कुठलीही फाइल डाउनलोड केली नाही, उत्तर दिलं नाही, पैसे पाठवले नाहीत. मेलखाली आमचा 22 मार्चचा खरा पत्रव्यवहार आहे."

लिंकचा पत्ताही त्याला मजकुरात हवा होता, पण hxxps आणि [.] असा मोडून, म्हणजे वाचताना चुकून कुणाचं बोट पडलं तरी ती उघडणार नाही. वेळा नेमक्या हव्या होत्या त्याचं आणखी एक कारण होतं. 2022 च्या निर्देशांनुसार फिशिंगसारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवाव्या लागतात, आणि कंपनीच्या हिशेबात ते घड्याळ माझ्या 10:55 च्या मेलपासून सुरू झालं होतं.

त्या डोमेनवरून आणखी कुणाला मेल आलाय का, हे त्याने शोधलं, तर स्टोअर्समधल्या दोघांना आला होता. दोघांनीही उघडला नव्हता. तिन्ही मेलबॉक्समधून तो काढला आणि डोमेन अडवलं. असं डोमेन अडवण्याचा उपयोग मर्यादित असतो, उद्या ते दुसऱ्या नावाने येतील, हेही त्याने तेव्हाच सांगितलं.

त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची होती माझ्या नोंदीतली शेवटची ओळ. आमचा खरा पत्रव्यवहार त्यांच्या हाती लागला म्हणजे कुणाचा तरी मेलबॉक्स कुणीतरी वाचत होतं. आमचा नव्हता, हे तपासून झालं होतं. मी पुरवठादाराच्या अकाउंटंटना फोन केला, तोही मेलमधल्या नंबरवर नाही, मागच्या वर्षीच्या छापील बिलावरच्या नंबरवर. ते म्हणाले, "बेन, असा काही मेल आम्ही केलाच नाही." त्यांच्या माणसाने दुपारी मेलबॉक्स पाहिला. त्यात एक नियम सापडला, आमच्याकडून आलेला प्रत्येक मेल परस्पर RSS Feeds नावाच्या फोल्डरमध्ये टाकणारा. त्या फोल्डरमध्ये माझे चार मेल न वाचलेले पडले होते.

बाकीची रक्कम आम्ही 31 मार्चला जुन्याच खात्यात भरली, आधी खातेक्रमांक फोनवर वाचून घेऊन.