तीन माणसं, चार दिवे आणि वीस फुटांची खोली

इथे परदेशात आल्यापासून मी आणि माझी एक मैत्रीण मुलांसाठी मराठी गोष्टींचे व्हिडिओ करतो. ती गोष्ट सांगते, मी कॅमेरा बघते आणि तिचा धाकटा भाऊ दिवे सांभाळतो. आमचं पथक एवढंच. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच हिरव्या पडद्यासमोर शूटिंग केलं, म्हणजे मागचा हिरवा रंग नंतर संगणकावर काढून तिथे दुसरं चित्र बसवायचं. एकदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं. तिकडे घरच्या घरी असं काही करू पाहणारे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या वेळी मैत्रीण पडद्यापासून जेमतेम तीन फुटांवर उभी होती. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन हिरवा रंग काढायला घेतला, तेव्हा तिच्या खांद्यांच्या कडांवर, जबड्याखाली आणि केसांच्या बटांवर हिरवट झाक दिसली. पडद्यावर पडलेला प्रकाश हिरवा होऊन परत येतो आणि समोरच्या माणसाला रंगवतो. याला स्पिल म्हणतात. सॉफ्टवेअर ती झाक कमी करतं, पण सोबत त्वचेचा रंगही ओढून घेतं आणि चेहरा निस्तेज होतो. शिवाय तिची सावली पडद्यावर पडली होती, त्यामुळे तिथला हिरवा गडद झाला होता. सावलीतला हिरवा काढायला गेलं की केसांच्या कडा तुटायच्या, केस वाचवले की सावली उरायची. ते चित्रण आम्ही टाकून दिलं.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी टेप घेऊन खोली मोजली. लांबी वीस फूट. पडदा भिंतीपासून दोन फूट पुढे, मैत्रीण पडद्यापासून आठ फुटांवर आणि कॅमेरा तिच्यापासून नऊ फुटांवर. कॅमेऱ्यामागे माझ्यासाठी एक फूट उरला. माणूस आणि पडदा यांच्यात निदान सहा फूट हवेतच. आठ मिळाले तर स्पिल बराच कमी होतो आणि सावली पडद्यापर्यंत न पोचता जमिनीवरच उतरते.

पण अंतर वाढवलं की पडदा अपुरा पडायला लागतो, आणि याचा हिशोब आधीच करावा लागतो. आमचा कॅमेरा फुल फ्रेमचा, लेन्स ५० मिलिमीटरची. अशा जोडीत कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चौकटीची रुंदी अंतराच्या ०.७२ पट येते. पडदा कॅमेऱ्यापासून सतरा फूट, म्हणजे तिथे चौकट सव्वाबारा फूट रुंद. आमचा पडदा दहा फुटांचा. म्हणजे दोन्ही बाजूंना फूटभर उघडी भिंत दिसणार.

यावर मोठा पडदा आणायची गरज नसते. हिरवा फक्त माणसाच्या आजूबाजूला हवा. बाकीची भिंत, स्टँड, वायरी एडिटिंगमध्ये मास्क, म्हणजे ठेवायच्या भागाभोवतीची सीमा, आखून कापता येतात. अट एकच, माणसाचा हात त्या मास्कच्या बाहेर जाता कामा नये. मैत्रीण उभी होती तिथे, मागे हिरवाच दिसेल अशी, हिशोबाने सव्वापाच फुटांची मोकळीक मिळत होती. दोन्ही हात पूर्ण पसरले की ती जवळजवळ संपते. "दोन्ही हात एकदम पसरू नकोस, एकेक हात वापर," असं मी तिला सांगितलं आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली. ती सबंध दुपारभर खूण सोडून हलली नाही. पाय दाखवायचा मोहही सोडला. पाय दाखवायचे तर जमीनही हिरवी करावी लागते, आणि तिथून उसळणारा स्पिल आवरणं तिघांच्या हातचं नाही. चौकट मांडीपासून वर ठेवली.

दिव्यांचं म्हणाल तर पडद्याचे दिवे वेगळे आणि माणसाचे वेगळे. आमच्याकडे चार होते. दोन सॉफ्टबॉक्स पडद्यासाठी, एकेका बाजूला. प्रत्येक दिवा जवळच्या काठावर न रोखता पलीकडच्या काठाकडे वळवला, म्हणजे जवळचा काठ भडक आणि मधला भाग काळवंडलेला असं होत नाही. तिसरा दिवा मैत्रिणीच्या चेहऱ्यासाठी, चार फुटांवर एका बाजूने. चौथा तिच्या मागून वरच्या बाजूने, केसांची आणि खांद्यांची कड उठून दिसावी म्हणून. खोलीचे वरचे दिवे बंद, खिडकीचे पडदे ओढलेले.

आठ फूट अंतराचा फायदा इथेही झाला. चेहऱ्याचा दिवा तिच्यापासून चार फुटांवर, म्हणजे पडद्यापासून साधारण बारा फुटांवर. तिप्पट अंतराला प्रकाश ढोबळमानाने नवव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे चेहऱ्यावरचा दिवा कितीही हलवला तरी पडद्यावरचा उजेड फारसा बिघडत नव्हता. पडदा चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी उजळ ठेवला. पडदा लखलखीत हवा हा समज चुकीचा आहे. जास्त उजेड टाकला की रंग फिका पडतो आणि स्पिल वाढतो.

उजेड सारखा पसरला आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते सराईतपणे सगळं सारखं करून घेतात. आम्ही कॅमेऱ्यातली झेब्रा पट्ट्यांची सोय वापरली, म्हणजे ठरवलेल्या उजेडाच्या भागावर स्क्रीनवर तिरप्या पट्ट्या दिसतात. ती ५० टक्क्यांच्या आसपास लावली आणि लेन्सचं तोंड हळूहळू बारीक करत गेलो. पट्ट्या सगळ्या पडद्यावरून जवळजवळ एकदम नाहीशा झाल्या तर उजेड सारखा. आमच्याकडे उजवा वरचा कोपरा आधी विझला. भावाने त्या बाजूचा दिवा अर्धा फूट मागे घेऊन थोडा वर वळवला, मग जमलं. या कामात वीस मिनिटं गेली. कापडाच्या सुरकुत्यांनाही तेवढाच वेळ द्या. इस्त्री करून चिमट्यांनी चारी बाजूंनी ताणून घ्या, कारण प्रत्येक चुणी म्हणजे एक छोटी सावली असते.

कपड्यांवर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. मैत्रिणीला तिचा मोरपंखी कुर्ता घालायचा होता. हिरवा नाही, निळा आहे, असं ती म्हणत होती आणि डोळ्यांना तो तसा दिसतही होता. पण मोरपंखीत हिरवा मिसळलेला असतोच. आदल्या संध्याकाळी कुर्ता पडद्यापुढे धरून अर्धा मिनिट चित्रण केलं आणि हिरवा काढून पाहिला. कुर्ता अर्धवट पारदर्शक झाला, छातीवरून मागचं चित्र दिसू लागलं. "बघ, तुझ्या पोटातून समुद्र वाहतोय," असं भाऊ म्हणाला आणि प्रश्न सुटला. पोपटी, पिस्ता, शेवाळी, मेंदी हे रंग तर सरळ बादच. पिवळ्यात हिरव्याकडे झुकणारी छटा असेल तर तोही तपासून घ्यावा. पांढरा कापला जात नाही, पण स्पिल पटकन दाखवतो. चकचकीत साटीन, टिकल्या, धातूची बटणं आणि चष्म्याच्या काचा आरशासारखा पडदा दाखवतात. तिथे बारीक भोकं पडतात आणि माणूस हलला की ती लुकलुकतात. झिरझिरीत ओढणीही टाळा. तिच्यातून पडदा दिसतो आणि कड कुठे संपते हेच कळत नाही.

गोष्टीतल्या पात्राला हिरवा पोशाख हवाच असेल तर पडदा निळा घ्यावा. फक्त निळ्याला उजेड जास्त द्यावा लागतो. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्यात कडा जास्त स्वच्छ येतात.

शेवटी डाळिंबी रंगाचा सुती कुर्ता ठरला. ओढणी नाही, कानात लाकडी कुड्या. तिने सुटे केस मागे घेऊन सैल वेणी घातली. मागच्या चित्रात सूर्य डावीकडून मावळतीला होता, म्हणून चेहऱ्याचा दिवाही आम्ही डावीकडेच ठेवला. मागचं चित्र शूटिंगच्या आधी ठरवलं होतं, त्यामुळे हे जमलं. या वेळी हिरवा काढल्यावर वेणीतून सुटलेली एक बारीक बट कानाशी जशीच्या तशी राहिली होती. मी ती स्क्रीनवर मोठी करून दोघांना दाखवली.