वरच्या मजल्यावरचा उन्हाळा

मंगळवार पेठेत आमचं घर वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिल लागला की रात्री नऊलाही छताला हात लावला तर गरम लागायचा. पंखा तीच धग खाली ढकलायचा. आणि आम्ही मात्र दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून वारा यायची वाट बघायचो.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्येच गच्चीला चुना द्यायचा ठरवला. पाचशे चौरस फुटांना तीन हात मिळून पंधरा किलो कळीचा चुना लागला. चुना लोखंडी पिंपातच भिजवायचा. पाणी पडल्यावर तो उकळतो, प्लॅस्टिकची बादली वितळते. डोळ्यांना चष्मा हवाच, शिंतोडा गेला तर डोळा जायची भीती. रात्रभर निवू दिला, सकाळी गाळून त्यात डिंकाचं पाणी घातलं.

पहिला हात मात्र वाया गेला. आम्ही तापलेल्या कोरड्या स्लॅबवर दुपारी कुंचा फिरवला. स्लॅबनं पाणी शोषून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला आली. सगळं झाडून काढलं, संध्याकाळी गच्ची भिजवली आणि उन्हं उतरल्यावर पातळ हात दिला. तो धरला. पुढचे दोन हात त्यावर एकेक दिवसानं दिले. त्यानंतर दुपारी दोनला गच्चीत अनवाणी उभं राहता यायला लागलं, रात्री छतही कोमट लागायचं. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, त्यामुळे दर मार्चला हे काम आहेच. स्लॅबला भेग असेल तर ती आधी बुजवायची, चुन्यानं गळती थांबत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावला होता, तरी खोली तापायची. बुरूडमामा चिक द्यायला आले तेव्हा म्हणाले, "ताई, ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून काय उपयोग? बाहेरनं बांधा की." बांबूचा चिक बाहेर, काचेपासून वीतभर लांब बांधला. आत आता पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा आहे.

सकाळी नऊला खिडक्या बंद करते, कारण दिवसा बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम असते. संध्याकाळी बाहेरची हवा निवली की आधी चिक वर गुंडाळते, मग पश्चिमेची खिडकी आणि समोरची स्वयंपाकघराची, दोन्ही एकदम उघडते. एकच उघडली तर वारा खिडकीतच अडतो. दाराला उदबत्ती धरली की धूर स्वयंपाकघराकडे सरळ जाताना दिसतो. तो जागीच घुटमळला तर मधलं एखादं दार लोटलेलं असतं.

फोमचा सोफाही काढला, त्यावर पाठ घामानं भिजायची. त्याजागी वेताच्या खुर्च्या आणल्या, त्यांच्या विणीतून पाठीला वारा लागतो. सासूबाई मात्र कापसाच्या गादीवरून उठायला तयार नाहीत, त्यांना खुर्ची टोचते. गादी आठवड्यातून एकदा उन्हात घालते, पण सकाळीच, म्हणजे रात्रीपर्यंत ती निवते.

हवा दमट झाली, वळिवाचं आभाळ दाटून वारा पडला, की यातलं फारसं काही चालत नाही. तेवढे दिवस पंखाच.