शनिवारी निघालो, शुक्रवारी पोचलो

ऑकलंडला राहायला आल्यापासून नवऱ्याला एकदा सामोआ बघायचं होतं. मला मात्र त्याच्या शेजारच्या अमेरिकन सामोआचं कुतूहल होतं. एकाच समाजाचे हे दोन बेटसमूह. एक स्वतंत्र देश, दुसरा अमेरिकेच्या ताब्यात. दोन्हींच्या विमानतळांमध्ये जेमतेम दीडशे किलोमीटर अंतर आणि मधल्या समुद्रातून जाणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा. तिकीट काढलं तेव्हा त्यावर छापलं होतं: सुटण्याची वेळ शनिवार १४ जून, सकाळी १०:३०, पोचण्याची वेळ शुक्रवार १३ जून, सकाळी ११:१०. नवरा म्हणाला, "छपाईची चूक आहे, फोन लाव त्यांना." चूक नव्हती.

सामोआची राजधानी अपिया, तिच्याजवळच्या फालेओलो विमानतळावर आधी सामानाबरोबर आमचंही वजन झालं. विमान इतकं छोटं की कोणाला कुठे बसवायचं हे वजनावर ठरतं. एसटीत कंडक्टर "जरा पुढे सरका" म्हणतो, त्याच थाटात एक बाई सगळ्यांना जागा दाखवत होत्या. विमान फार उंच जात नाही, त्यामुळे खाली निळं पाणी आणि ढगांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. रेषा कुठे ओलांडली ते अर्थातच कळत नाही. चाळीस मिनिटांत अमेरिकन सामोआच्या तुतुइला बेटाचे हिरवे कडे समोर आले आणि आम्ही पांगो पांगोला उतरलो. नकाशावर पागो पागो लिहितात, पण तिथे तसं कोणी म्हणत नाही.

उतरल्यावर गंमत अशी की घड्याळाला हात लावावा लागत नाही. सामोआचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या १३ तास पुढे आहे, अमेरिकन सामोआचं ११ तास मागे. तेरा आणि अकरा, फरक बरोबर २४ तासांचा. काटे जिथल्या तिथे राहतात, फक्त वार बदलतो. मनगटावरच्या घड्याळात वार-तारीख नसेल तर काही झालंय हे कळणारही नाही.

रात्री हॉटेलच्या कागदावर मी नवऱ्याला हिशेब मांडून दाखवला. रीत साधी आहे: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या. शनिवारी सकाळी १०:३० मधून १३ तास वजा केले की शुक्रवारी रात्रीचे ९:३० येतात. त्यात उड्डाणाची ४० मिनिटं मिळवली की रात्रीचे १०:१०, वार शुक्रवारच. आता पांगो पांगोसाठी आणखी ११ तास मागे जायचं, म्हणजे शुक्रवार सकाळी ११:१०. तिकिटावर छापलं होतं तेच. भारतात तेव्हा काय वाजले होते? १०:१० मध्ये साडेपाच तास मिळवा: शनिवारी पहाटेचे ३:४०. म्हणजे आम्ही शुक्रवारात उतरलो त्या क्षणी पुण्यात शनिवार लागून पावणेचार तास होत आले होते. वेळ कुठेही उलटी फिरली नव्हती. आमचं वय चाळीस मिनिटांनीच वाढलं होतं.

पूर्वेकडे रेषा ओलांडली की तारीख मागे जातेच, असं समजू नका. सुटण्याच्या घड्याळी वेळेत उड्डाणाचे तास मिळवा आणि दोन ठिकाणांमधला फरक वजा करा. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर पोचण्याची तारीख आदल्या दिवसाची. नाही गेलं तर तारीख तीच. ऑकलंडहून होनोलुलूला जूनमध्ये फरक २२ तासांचा असतो आणि उड्डाण साधारण साडेआठ तासांचं. रात्री ११:५५ ला निघालात तर बेरीज ३२ तास २५ मिनिटं, त्यातून २२ गेले, उरले १०:२५. त्याच तारखेला सकाळी साडेदहाच्या आत पोचलात, म्हणजे घड्याळ मागे गेलं, तारीख नाही. सकाळी ९ ला निघालात तर बेरीज साडेसतरा, २२ पेक्षा कमी, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसात. न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा हाच फरक २३ होतो. महिना न बघता गणित केलं की एक तास चुकतो.

हॉटेलच्या काउंटरवरच्या काकूंना या सगळ्याचं काहीच कौतुक नव्हतं. त्यांची तक्रार वेगळी. "लोक निघण्याची तारीख बघून खोली घेतात आणि एक दिवस आधी दारात उभे राहतात." आमच्या बाबतीत खोली १३ ते १५ जून अशी हवी होती, १४ पासून नव्हे. हॉटेलसाठी नेहमी तिकिटावरची पोचण्याचीच तारीख धरायची.

सामोआ एके काळी रेषेच्या याच बाजूला होतं. १८९२ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी वार बदलला आणि ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला. पुढच्या जवळजवळ एकशेवीस वर्षांत व्यापार फिरला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुट्टी, सामोआ रविवारी चर्चमध्ये असताना सिडनीत सोमवारचं कामकाज सुरू. आठवड्याचे दोन दिवस वाया. म्हणून २०११ मध्ये २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार आला. ३० तारीख त्या देशात उगवलीच नाही. रेषा कुठून जाते हे कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेलं नाही. देश आपापली वेळ ठरवतात आणि नकाशावरची रेषा त्यांच्यामागून वाकते. त्याआधी २००९ मध्ये सामोआने गाडी चालवण्याची बाजूही उजवीकडून डावीकडे बदलली होती. अमेरिकन सामोआ दोन्ही बाबतीत होतं तिथेच राहिलं. त्यामुळे चाळीस मिनिटांत वारही बदलतो आणि रस्ता ओलांडताना आधी कुठे बघायचं तेही. मला विचाराल तर दुसरा बदल जास्त धोक्याचा.

शुक्रवारी संध्याकाळी सातला आईला फोन केला. पुण्यात शनिवारचे साडेअकरा वाजले होते. ती मारुतीला जाऊन आली होती, उपवासाची भगर गॅसवर होती. आमच्या ताटात कोंबडी. "अगं, आज शनिवार ना?" मी म्हटलं, सकाळी होता, आता नाही, उद्या परत येणार आहे. तिने क्षणभर विचार केला. "मग उपवास दोनदा करायचा का?" हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. शनिवार हाच प्रार्थनेचा दिवस मानणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट चर्चमध्ये, सामोआने वार बदलल्यावर नेमका यावरूनच वाद झाला. काही जण जुना सात दिवसांचा क्रम धरून नव्या रविवारी प्रार्थना करू लागले, काही नव्या शनिवारी. आईने मात्र तिथल्या तिथे निकाल दिला, "जिथे झोपशील तिथला वार धर."

परतीला हिशेब उलटा. रविवार १५ जून, दुपारी १२ ला निघालो; जागतिक वेळ रविवार रात्री ११. चाळीस मिनिटं मिळवून ११:४०, त्यात १३ तास घातले की सोमवार १६ जून, दुपारी १२:४०. आमचं ऑकलंडचं विमान सोमवारी संध्याकाळचं होतं. इथेच गफलत होते: सोमवारचं पुढचं विमान पकडायचं म्हणून पांगो पांगोहून सोमवारी सकाळी निघणारा माणूस फालेओलोला मंगळवारी उतरतो. तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर संकेतस्थळ याची आठवण करून देईलच असं नाही. आमच्या शेजारच्या सीटवरच्या आजोबांना मी हे सांगितलं, तर ते हसले. त्यांची एक मुलगी या बाजूला, एक त्या बाजूला. नातीचा वाढदिवस अपियात करून ते आदल्या दिवशी इकडे आले होते आणि इकडे तारीख उजाडल्यावर दुसरा केकही खाऊन निघाले होते.